जोडप्यातली उंची जवळ आणायची, पण माणूस ताणायचा नाही



फोटो स्टुडिओ किंवा प्रिंटिंगचं दुकान टाकलं की पहिल्या महिन्यातच एक गिऱ्हाईक हे काम घेऊन येतं. जोडप्याचा फोटो असतो, एक जण खूप उंच, दुसरा खूप ठेंगणा, आणि मागणी असते, "दादा, एवढा फरक दिसायला नको, काहीतरी करा ना." व्हिडिओत मी हे काम पटापट करून दाखवलंय, पण आकडे बोलता बोलता निसटतात. म्हणून इथे सावकाश लिहितो. एकच खरा जॉब घेऊ आणि तोच शेवटपर्यंत नेऊ.

एक मुलगी आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी ८ बाय १२ ची फ्रेम करायला आली. बाबा ६ फूट १ इंच, आई ४ फूट ११ इंच. म्हणजे १८५ आणि १५० सेंटिमीटर, फरक ३५ चा. फोटो मोबाइलवर काढलेला, एका लग्नातला. दोघं शेजारी उभे, पायापासून डोक्यापर्यंत दिसताहेत, मागे हॉलची साधी भिंत. आईचं डोकं बाबांच्या खांद्याच्या जरा खालीच संपत होतं.

तिच्याकडे आधीची एक प्रिंटही होती, दुसऱ्या कुठल्यातरी दुकानातून करून आणलेली. तिथे आईला फोटोशॉपमध्ये वरच्या दिशेने ताणलं होतं. उंची जवळ आली होती, पण आई बघून म्हणाली होती, "ही मी नाही, ही माझी थोरली बहीण वाटते." त्यामुळे फ्रेम तशीच कपाटावर पडून होती.

ही प्रिंट नेमकी कुठे बिघडली ते आधी समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. मूळ फोटोत आई टाचेपासून डोक्यापर्यंत २४०० पिक्सेल होती. म्हणजे १ सेंटिमीटरला १६ पिक्सेल. बाबा २९६० पिक्सेल. ताणून फरक साधारण ३१० पिक्सेलने कमी करायचा तर आईला १३ टक्के लांब करावं लागतं. तसं केलं की तिचं डोकं, जे हनुवटीपासून टाळूपर्यंत ३३६ पिक्सेल होतं, ते ३८० होतं. बाबांचं डोकं किती? ३६८. म्हणजे ठेंगण्या बाईचं डोकं सहा फुटी माणसाच्या डोक्यापेक्षा मोठं झालं, आणि रुंदी तेवढीच राहिल्यामुळे चेहरा लांबट झाला. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण "काहीतरी चुकलंय" हे त्याला लगेच कळतं.

काही जण म्हणतात, मग रुंदीही तेवढीच वाढवा, प्रमाण बिघडणार नाही. बरोबर, प्रमाण बिघडत नाही. पण आता ती नवऱ्याहून मोठ्या डोक्याची आणि रुंद खांद्यांची दिसते. आणखी काही हुशार लोक फक्त पाय ताणतात. तिथे हात चुगली करतात. हात सरळ सोडले की बोटांची टोकं मांडीच्या मध्याजवळ येतात. पाय ताणले की तीच बोटं मांडीच्या मध्याच्या वरच थांबतात. वर साडी असेल तर खालच्या काठाची नक्षी लांबट होते, ते वेगळंच.

मग उपाय काय? उंची वाढवायची नाही, माणूस वर सरकवायचा. फोटोत पाय आणि जमीन दिसत असेल तरच बघणाऱ्याला कळतं की कोण कुठून सुरू होतंय. मांडीच्या मध्यावर फोटो कापला की जमीन गेली. आता आई पाटावर उभी होती की जमिनीवर, हे कोणालाच सांगता येत नाही. तिचं डोकं, खांदे, हात सगळं जसंच्या तसं ठेवून ती नुसती थोडी वर गेली तर शरीराला धक्का लागत नाही.

पण काम सुरू करायच्या आधी मी एक फोन करायला लावला. मागणी मुलीची होती आणि शरीर आईचं. मुलीने स्पीकरवर आईला विचारलं. आई म्हणाल्या, "यांच्या खांद्याच्या वर माझं डोकं दिसलं तरी पुरे. मला उंच नको करूस गं, गावात सगळ्यांना माहितीये मी केवढी आहे ते." हा फोन फुकटचा असतो आणि प्रिंट परत येण्यापासून वाचवतो. नवरा, सासू, मुलं, यांपैकी कुणीही सांगितलं तरी ज्याचं शरीर त्यालाच विचारायचं. बऱ्याचदा त्या माणसाला बदल नकोच असतो, किंवा दुसऱ्यांना वाटतो त्याच्या निम्माच हवा असतो.

आईच्या बोलण्यावरून मी ठरवलं की ३५ चा फरक १५ च्या आसपास आणायचा. १५ सेंटिमीटरला तिची टाळू बाबांच्या नाकाच्या टोकाजवळ येते. याच्याही पुढे नेलं असतं तर घरातल्या लोकांना ते खोटं वाटलं असतं.

आता हिशोब बघा. २० सेंटिमीटर कमी करायचे होते. ते सगळे एकाच माणसावर टाकायचे नाहीत. आईला १० सेंटिमीटर वर सरकवलं, म्हणजे १६० पिक्सेल. बाबांना ५ सेंटिमीटर खाली, म्हणजे ८० पिक्सेल. आणि आईला फक्त ३ टक्के मोठं केलं, लांबी-रुंदी दोन्ही. तिची उंची २४०० असल्यामुळे त्यातून ७२ पिक्सेल, म्हणजे साडेचार सेंटिमीटर मिळाले. एकूण ३१२ पिक्सेल. ५६० चा फरक होता, राहिला २४८, म्हणजे साडेपंधरा सेंटिमीटर. आईचं डोकं ३३६ वरून ३४६ झालं, अजूनही बाबांच्या ३६८ पेक्षा लहान. डोक्यांचं हे माप मी प्रत्येक जॉबला `Ruler Tool` ने घेतो. मोठं करायचं प्रमाण ३ टक्के ठेवतो, अगदीच गरज पडली तर ५, त्याच्या वर नाही.

फोटोशॉपमध्ये हात घालताना पहिली गोष्ट, आधी क्रॉप करू नका. आई वर जाणार तेव्हा खालून तिचे पाय वर यायला हवेत. आधीच मांडीवर कापलं असेल तर खाली मोकळी पट्टी उरेल. त्यामुळे मांडीच्या मध्यावर फक्त एक गाइड ओढून ठेवा आणि पूर्ण फोटोवर काम करा.

मग आईला सिलेक्ट करून `Ctrl+J` ने वेगळ्या लेअरवर घ्या. केसांच्या कडेला `Select and Mask` वापरा. इथे या फोटोतली सगळ्यात महत्त्वाची जागा आली. बाबांचा हात आईच्या पाठीमागून गेला होता आणि त्यांची चार बोटं आईच्या पलीकडच्या दंडावर दिसत होती. ती बोटं कोणाच्या लेअरमध्ये घ्यायची? आईच्या. बोटं आईसोबतच वर गेली पाहिजेत, नाहीतर ती दंडावरून घसरून कोपरावर येतील. बाबांचा बाकीचा हात आईच्या मागे लपलेला आहे, त्यामुळे तो मधे कुठे वाकलाय हे कोणी तपासू शकत नाही.

बाबांनाही असंच वेगळ्या लेअरवर घ्या. खालच्या मूळ फोटोच्या कॉपीवरून दोघांनाही काढून भिंत भरून घ्या. साधी भिंत असेल तर `Content-Aware Fill` पुरेसं होतं. टाइल्स किंवा फुलांचं डेकोरेशन असेल तर हाताने `Clone Stamp` करावं लागतं, आणि तेव्हा वेळेचा अंदाज दुप्पट धरा.

आता दोन्ही लेअर `Convert to Smart Object` करा, म्हणजे पुन्हापुन्हा बदललं तरी फोटो मऊ पडत नाही. आईच्या लेअरवर `Ctrl+T` दाबा, वरच्या पट्टीत मधला खालचा बिंदू निवडा, साखळीचं चिन्ह चालू ठेवून `W` मध्ये 103% लिहा. माऊसने कोपरा ओढत असाल तर एक खबरदारी घ्या. २०१९ च्या व्हर्जनपासून नुसतं ओढलं की प्रमाण टिकतं आणि `Shift` दाबलं की बिघडतं. जुन्या व्हर्जनमध्ये बरोबर उलटं होतं. दुकानात जुना पीसी आणि नवा पीसी दोन्ही असतील तर पोरांची इथे हमखास गल्लत होते. म्हणून मी आकडाच टाइप करायला लावतो.

सरकवणं सोपं आहे. `Move Tool` घेऊन `Shift` सोबत वरचा बाण दाबला की लेअर १० पिक्सेल वर जाते. आईसाठी १६ वेळा वर, बाबांसाठी ८ वेळा खाली. उजवीकडे-डावीकडे एक पिक्सेलही हलत नाही, हा बाणाचा फायदा.

सरकवल्यावर लगेच "झालं" म्हणू नका. आता मानेच्या बाजूला बघा. बाबांच्या लेअरमध्ये जिथे आईचं डोकं होतं तिथे पोकळी आहे. आई वर गेल्यावर त्या जागी तिची मान येते, आणि मान डोक्यापेक्षा बारीक. त्यामुळे मानेच्या कडेला बाबांच्या झब्ब्यात एक फट दिसते आणि तिच्यातून मागची भिंत डोकावते. ही जागा शेजारचाच झब्बा घेऊन `Clone Stamp` ने भरायची. साधा क्रीम झब्बा होता म्हणून पाच मिनिटांत भरला. चौकड्याचा शर्ट असता तर चौकडी जुळवण्यात अर्धा तास गेला असता. अशीच एक छोटी फट आईच्या कोपराखाली निघते.

दुसरं, सावली. मोबाइलचा फ्लॅश पडला असेल तर आईच्या डोक्याची सावली बाबांच्या छातीवर जुन्या जागी तशीच असते. ती पुसायची आणि नवीन जागी हलकी सावली टाकायची. नवीन लेअर, मोड `Multiply`, मऊ ब्रश, ओपॅसिटी १५ ते २० टक्के. जास्त गडद केली तर आई चिकटवल्यासारखी दिसते, आणि अजिबात टाकली नाही तरी तसंच दिसतं.

मग क्रॉप. खाली मांडीचा मध्य, वर बाबांच्या डोक्यावर थोडी हवा. उंची २४८० पिक्सेल आली, रुंदी १६५३. १२ इंचात २४८० म्हणजे इंचाला साधारण २०६ पिक्सेल, ८ बाय १२ च्या फ्रेमला पुरतात. गिऱ्हाईक यातूनच १६ बाय २४ मागायला लागलं तर तिथेच नाही म्हणायचं. क्रॉप कधीही गुडघ्यावर किंवा मनगटावर मारू नका, तिथे माणूस तोडल्यासारखा दिसतो.

शेवटी तपासणी. फोटो आडवा उलटा करा, `Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal`. सवयीची नजर मोडली की खटकणारी जागा समोर येते. मग झूम कमी करून फोटो स्टॅम्पएवढा करा. एवढ्या लहान आकारात कोणाचं डोकं मोठं वाटतंय का ते बघा. आणि ४ बाय ६ ची एक प्रिंट काढून दुकानातल्या अशा माणसाला द्या ज्याने मूळ फोटो पाहिलेला नाही. त्याला "कसं वाटतंय?" एवढंच विचारा. "उंची नीट वाटते का?" असं विचारलंत तर तो उंचीच शोधत बसेल.

हे काम प्रत्येक फोटोवर होत नाही, आणि कुठे होत नाही हे गिऱ्हाईकाला काउंटरवरच सांगता आलं पाहिजे. पाय दिसलेच पाहिजेत असा हट्ट असेल तर सरकवता येत नाही, माणूस हवेत तरंगतो. नवऱ्याचा हात समोरून येऊन कोपर दिसत असेल तर तो हात मधेच तुटतो. दोघं एकमेकांकडे बघत असतील तरी नको. बायको वर गेली की नवऱ्याची नजर तिच्या डोळ्यांऐवजी हनुवटीवर पडते, आणि प्रेमाचा फोटो विचित्र होऊन बसतो. फोटो अगदी जवळून, दीड मीटरवरून काढला असेल तर ठेंगण्या माणसाची टाळू वरून दिसते. त्याला कितीही वर नेलं तरी टाळू दिसतच राहते. आणि लग्न नोंदणीसारख्या सरकारी कागदाला लागणारा जोडफोटो असेल तर त्याला मी हात लावत नाही, कितीही पैसे दिले तरी.

आता तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा फोटो काढतानाच काही करता येत नाही का? येतं, आणि ते जास्त स्वस्त पडतं. हेच आई-बाबा स्टुडिओत आले असते तर एक पिक्सेलही न सरकवता एवढाच फरक मिळाला असता.

सुताराकडून एक भक्कम लाकडी ठोकळा करून घ्या, १० सेंटिमीटर उंचीचा आणि दोन्ही पाय आरामात मावतील एवढा. सिनेमाच्या सेटवर याला अ‍ॅपल बॉक्स म्हणतात. तिथे पूर्ण बॉक्स ८ इंचाचा आणि अर्धा ४ इंचाचा असतो, आपल्याला तो अर्धाच पुरतो. घरातले पाट एकावर एक रचू नका, साडी नेसलेली बाई त्यावरून घसरली तर फोटोचं सोडा, दवाखाना गाठावा लागेल. साडीने ठोकळा झाकला जाईल असंही समजू नका. निऱ्या घोट्याशी संपतात, त्याच्या खाली ठोकळा उघडाच दिसतो. इथेही क्रॉप मांडीवरच.

उंच माणसाला गुडघे वाकवायला सांगू नका. गुडघे वाकले की तो खांदेही पाडतो आणि पोट पुढे येतं. त्याऐवजी पाय फाकवून उभं करा. दोन पावलांमध्ये अडीच फूट अंतर ठेवलं की सहा फुटी माणूस साधारण ५ सेंटिमीटर खाली येतो, आणि कमरेच्या वर तो ताठच दिसतो.

तिसरी गोष्ट नव्या मुलांना पटत नाही. ठेंगण्या माणसाला एक फूट पुढे उभं केलं की तो मोठा दिसतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कॅमेरा त्याच्या डोक्याच्या खाली असेल तरच त्याचं डोकं फोटोत वर चढतं. कॅमेरा छातीच्या उंचीवर, जमिनीपासून ११० सेंटिमीटरला, आणि बाबा ३ मीटरवर असतील तर आईला ३० सेंटिमीटर पुढे घेतल्यावर ३५ चा फरक साधारण ३१ दिसतो. तोच कॅमेरा तुम्ही उभ्या उभ्या १६० ला धरलात तर फरक ३६ होतो, म्हणजे उलट वाढतो. कॅमेरा डोक्याच्या वर असताना पुढे आलेला माणूस फोटोत खाली सरकतो, म्हणून. छातीच्याही खाली कॅमेरा नेऊ नका, नाकपुड्या दिसायला लागतात.

ठोकळ्याचे १०, पायांचे ५, पुढे घेतल्याचे ४. बेरीज १९, राहिला फरक १६. एडिटिंग करून जेवढं मिळालं जवळपास तेवढंच, आणि इथे झब्ब्यातली फट नाही की सावली नाही. दोघांना बसवलं तर अजून सोपं. उंचीतला जवळजवळ निम्मा फरक पायांत असतो, त्यामुळे सारख्याच उंचीच्या स्टुलांवर ३५ चा फरक साधारण १७-१८ वर येतो.

पैशाचं सांगतो, कारण तुम्ही कॉमेंटमध्ये विचारणारच. या जॉबला मला पाऊण तास लागला. मी एडिटिंगचे ३०० रुपये घेतले, प्रिंट आणि फ्रेम वेगळी. बिलावर एडिटिंगची ओळ वेगळी लिहितो, नाहीतर पुढच्या वेळी गिऱ्हाईक म्हणतं, "मागे तर प्रिंटमध्येच करून दिलं होतं." मोठी प्रिंट काढण्याआधी ४ बाय ६ चा नमुना घरी पाठवतो आणि ज्याचा फोटो त्याचा होकार आल्यावरच फ्रेमला हात घालतो. इथे आईंचा निरोप दुसऱ्या दिवशी आला. फ्रेम करा म्हणाल्या, आणि मूळ फोटोचीही एक छोटी प्रिंट सोबत मागितली, पाकिटात ठेवायला. ती मी तशीच दिली, काही न सरकवता.